सगळेच घटक ‘अत्यंत महत्त्वाचे’ निघाले, आता क्रम कसा लावू?

*नमस्कार सर,*

*मी नोकरी सांभाळून एमबीए करतेय. प्रबंधाचा विषय आहे ‘प्रकल्पाच्या यशाला कारणीभूत ठरणारे घटक’. जुन्या अभ्यासांमधून ४० घटक काढले आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात महत्त्वाचा नाही’पासून ‘अत्यंत महत्त्वाचा’पर्यंत १ ते ५ ची लिकर्ट श्रेणी दिली. चाचणी म्हणून ३१ प्रकल्प व्यवस्थापकांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर ४० पैकी ३६ घटकांची सरासरी ४.१ ते ४.६ च्या मध्येच आली. ‘वरिष्ठांचा पाठिंबा’ ४.५२ वर पहिला, ‘नियोजन’ ४.४८ वर दुसरा. मार्गदर्शक म्हणतात, आरआयआय काढ आणि क्रम लाव. माझा भाऊ संख्याशास्त्र शिकलाय, तो म्हणतो लिकर्टच्या उत्तरांची सरासरी काढणंच मुळात चूक. मुख्य सर्वेक्षण महिन्याभरात पाठवायचं आहे. कोणाचं ऐकू?*

*— एक विद्यार्थिनी*

---

भावाचं थोडं ऐका, मार्गदर्शकांचंही थोडं ऐका. पण आधी आकडे बाजूला ठेवून तुमचाच प्रश्न पुन्हा वाचा. ‘वरिष्ठांचा पाठिंबा किती महत्त्वाचा आहे?’ असं विचारल्यावर ‘फारसा नाही’ म्हणणारा प्रकल्प व्यवस्थापक तुम्हाला कुठे सापडणार? ‘नियोजन महत्त्वाचं नाही’ असं कागदावर लिहून द्यायला कोण तयार होईल? पुस्तकांतून उचललेले चाळीसही घटक चांगलेच असतात, म्हणून तर ते पुस्तकात आले. त्यामुळे सगळी उत्तरं ४ आणि ५ वर जाऊन बसली. याला छताला टेकलेली उत्तरं म्हणतात. तिथे घटकाघटकांत फरक दिसायला जागाच उरत नाही.

आता तुमचे पहिले दोन क्रमांक बघा. ३१ जणांची सरासरी ४.५२ म्हणजे गुणांची बेरीज १४०. दुसऱ्याची ४.४८ म्हणजे बेरीज १३९. एकाच माणसाने चहा पिता पिता नियोजनापुढे ४ ऐवजी ५ वर खूण केली असती, तर दोन्ही घटक बरोबरीत आले असते. एवढ्याशा फरकावर ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ ठरवून तुम्ही प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहिणार होतात.

आरआयआय, म्हणजे सापेक्ष महत्त्व निर्देशांक, यातून सोडवेल असं वाटत असेल तर त्याचं सूत्र एकदा उलगडून पाहा. गुणांची बेरीज भागिले, सर्वांत मोठा गुण गुणिले माणसांची संख्या. म्हणजे १४० भागिले १५५, ०.९०३. दुसऱ्याचं १३९ भागिले १५५, ०.८९७. हे दुसरं काही नसून सरासरीलाच ५ ने भागलेलं आहे. क्रम तोच, फरक तितकाच लहान, फक्त तीन दशांश स्थळांमुळे दिसायला वजनदार. बांधकाम व्यवस्थापनाच्या प्रबंधांमध्ये हा निर्देशांक सर्रास दिसतो, म्हणून मार्गदर्शकांनी तो सुचवला असणार. तो चुकीचा नाही, पण नवं काहीच सांगत नाही. आणि सरासरीबद्दलचा भावाचा आक्षेप खरा मानला, तर तो याही निर्देशांकाला जसाच्या तसा लागू होतो.

खरी अडचण त्याहून खोल आहे. तुमच्या प्रबंधाचं नाव आहे यशाला *कारणीभूत* घटक, आणि प्रश्नावली मोजते ती घटकांविषयीची *मतं*. लोकांना काय महत्त्वाचं वाटतं हे कळलं, तरी त्यामुळे प्रकल्प यशस्वी झाले का, हे कळत नाही. ते कळायला तुमच्या माहितीत दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजलेल्या हव्यात: अमुक प्रकल्पात तो घटक किती होता, आणि तो प्रकल्प किती यशस्वी झाला. तुमच्याकडे दुसरी गोष्ट मुळीच नाही आणि पहिलीच्या जागी मत आहे. चाचणीतच हे उघड झालं, हे बरं झालं. दोनशे जणांना पाठवून झाल्यावर हाती काहीच उरलं नसतं.

तेव्हा प्रश्नावली अशी फिरवा. प्रत्येकाला एकच प्रकल्प डोळ्यांपुढे आणायला सांगा आणि पुढचे सगळे प्रश्न त्या एका प्रकल्पाबद्दल विचारा. कोणता प्रकल्प, हे त्यांच्यावर सोडू नका. सोडलंत तर प्रत्येक जण आपला गाजलेला प्रकल्प काढील आणि यशाचा रकाना पुन्हा छताला टेकेल. सूचनेत स्पष्ट लिहा: ‘तुम्ही काम केलेला, सर्वांत अलीकडे पूर्ण झालेला किंवा मध्येच बंद पडलेला प्रकल्प’. ‘मध्येच बंद पडलेला’ हे शब्द गाळू नका. फसलेले प्रकल्प माहितीत आलेच नाहीत, तर यशस्वी प्रकल्पांत काय वेगळं होतं हे कशाशी ताडून बघणार?

चाळीस घटक मात्र सोडावे लागतील. एक घटक नीट मोजायला तीन-चार विधानं लागतात, आणि चाळीस चोक दीडशे-पावणेदोनशे विधानं कोणी भरत नाही. थोड्या वेळाने कंटाळून माणसं एकाच रकान्यात सरळ खुणा करत खाली येतात. पाच घटक घ्या, फार तर सहा. निवड करताना पिंटो आणि स्लेव्हिन यांनी १९८७ साली मांडलेली दहा घटकांची यादी समोर ठेवा. प्रकल्पाचं उद्दिष्ट, वरिष्ठांचा पाठिंबा, वेळापत्रक आणि आराखडा, ग्राहकाशी सल्लामसलत, माणसं, तांत्रिक बाजू, ग्राहकाची स्वीकृती, देखरेख, संवाद आणि अडचणींचं निवारण, असे ते दहा. तुमच्या चाळिसांतले बरेचसे यांपैकी कशाच्या तरी पोटात जातील. जे पाच घ्याल ते का घेतले आणि बाकीचे का सोडले, याला एक परिच्छेद द्या. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथूनच येतो.

आता एक घटक घेऊन विधानं कशी घडतात ते पाहू. तुमचाच पहिला आलेला घेऊ, वरिष्ठांचा पाठिंबा.

पहिल्या फटक्यात बहुतेक जण लिहितात: ‘वरिष्ठ व्यवस्थापनाने प्रकल्पाला पुरेसा निधी आणि मनुष्यबळ वेळेवर उपलब्ध करून दिले.’ यात निधी, माणसं आणि वेळ अशा तीन गोष्टी कोंबल्या आहेत. निधी आला पण माणसं आली नाहीत, अशा प्रकल्पातला माणूस काय उत्तर देईल? तो मधला ३ निवडून मोकळा होईल, आणि तुम्ही तो ३ ‘तटस्थ’ म्हणून मोजाल. विधानात ‘आणि’ दिसला की थांबून बघायची सवय लावा.

दुसरी चूक म्हणजे ‘वरिष्ठांचा पाठिंबा चांगला होता’ असं गोळाबेरीज विधान. ज्याचा प्रकल्प यशस्वी झाला, त्याला मागे वळून बघताना सगळंच चांगलं दिसतं. ज्याचा फसला, तो वरिष्ठांवर खार खाऊन असतो. म्हणजे प्रकल्पाचा निकालच पाठिंब्याचं उत्तर ठरवतो, आणि मग तुम्हाला दोघांत झकास सहसंबंध मिळतो, जो तुम्हीच तयार केलेला असतो. यावर पूर्ण इलाज नाही. पण अभिप्रायाऐवजी घडलेली गोष्ट विचारली तर हा रंग बराच फिका होतो. मी या घटकाची चार विधानं अशी लिहीन:

‘मंजूर झालेला निधी ठरलेल्या तारखांना हाती आला.’
‘आराखड्यात दाखवलेली माणसं प्रकल्पाला प्रत्यक्षात मिळाली.’
‘वरिष्ठांकडे नेलेल्या प्रश्नांवर साधारण दोन आठवड्यांत निर्णय मिळाला.’
‘प्रकल्प चालू असताना त्यातली माणसं दुसऱ्या कामांसाठी काढून नेली गेली.’

तिसऱ्यात आधी मी ‘निर्णय लवकर मिळाला’ लिहिलं होतं. एकाचं ‘लवकर’ म्हणजे दोन दिवस, दुसऱ्याचं दोन महिने. म्हणून मुदत घातली. चौथं विधान उलट्या दिशेचं आहे. त्याला ‘पूर्ण सहमत’ म्हणजे पाठिंबा कमी. वाचता न वाचता खुणा करणारा माणूस इथे पकडला जातो, कारण वरच्या तिन्हींना ५ देणारा याही विधानाला ५ देतो. उलटं विधान लिहिताना ‘नाही’ मात्र घालू नका. ‘माणसं काढून नेली गेली नाहीत’ याला ‘असहमत’ म्हणायचं तर नक्की काय म्हणायचं, यात चांगला वाचणाराही घोटाळतो. उलट अर्थाची घटना सरळ वाक्यात सांगा.

उत्तरांसाठी पाच पर्याय पुरेत: पूर्ण असहमत, असहमत, मध्यम, सहमत, पूर्ण सहमत. पाच की सात, यावर रात्री जागवू नका. पण या पाचांच्या बाहेर, थोडं अंतर सोडून, ‘लागू नाही किंवा माहीत नाही’ हा सहावा रकाना हवाच. तो नसेल तर ज्याला माहीत नाही तोही मधला पर्याय निवडतो. आणि तो असेल तर माहिती भरताना तिथली जागा रिकामी ठेवायची, ६ टाकायचा नाही. हे सांगायची वेळ येते, कारण मी अशा फाईल पाहिल्या आहेत ज्यात ‘माहीत नाही’वाल्यांनी सरासरी वर नेऊन ठेवली होती. प्रत्येक रकान्याची सर्वांत मोठी किंमत काढली की हे एका क्षणात दिसतं.

यशाच्या बाजूला एवढीच काळजी घ्यायची. वेळ आणि खर्च मतावर सोडू नका, आकडे विचारा: ठरलेले महिने किती, लागलेले किती, मंजूर खर्चाच्या तुलनेत प्रत्यक्ष खर्च साधारण किती टक्के. १२ महिन्यांचं काम १५ महिन्यांत झालं असेल तर गुणोत्तर १.२५. हा आकडा लिकर्टच्या गुणांत मिसळायचा नाही, वेगळाच ठेवायचा. त्याशिवाय तीन-चार विधानं प्रकल्पातून जे तयार झालं त्याबद्दल हवीत: ज्यांच्यासाठी केलं ते ते वापरतात का, अपेक्षित फायदा मिळाला का. सिडनीचं ऑपेरा हाउस आठवा. १९६३ मध्ये पूर्ण व्हायचं ते १९७३ मध्ये उघडलं. अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, खर्च झाला १० कोटी २० लाखांचा. वेळ आणि पैशाच्या मोजपट्टीवर दणदणीत अपयश, आणि आज त्याला अपयशी म्हणणारा माणूस शोधावा लागेल. तुम्ही दोन्ही यशं एकाच आकड्यात बेरजेला धरलीत, तर असा प्रकल्प मधोमध कुठेतरी बसेल आणि कशाबद्दलच काही सांगणार नाही.

आता भावाच्या आक्षेपाकडे येते गाडी. तो म्हणतो ते एका विधानापुरतं बरोबर आहे. ‘असहमत’ आणि ‘मध्यम’ यांतलं अंतर ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांतल्या अंतराइतकंच आहे, याची हमी कोणी दिलेली नाही. क्रम आहे, अंतर माहीत नाही. अशा उत्तरांची सरासरी काय लपवू शकते ते बघा. समजा ३० जणांनी दोन विधानांना दिलेली उत्तरं अशी आली:

| विधान | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| माणसं प्रत्यक्षात मिळाली | ० | ४ | ६ | १६ | ४ |
| निर्णय दोन आठवड्यांत मिळाला | ६ | २ | ० | १० | १२ |

दोन्हींची बेरीज ११०, सरासरी ३.६७. भाऊ म्हणेल, सरासरी नको, मध्यक काढ. काढा. दोन्हींचा मध्यक ४. पण चित्रं किती निराळी! पहिल्यात लोक साधारण सहमत आहेत. दुसऱ्यात दोन तट आहेत: बावीस जणांना निर्णय मिळाला, आठ जणांना मिळाला नाही, मधे कोणीच नाही. इथे प्रश्न पडायला हवा की ते आठ जण कोण. कदाचित सगळे कंत्राटदाराच्या बाजूचे असतील आणि बावीस जण मालक संस्थेच्या आतले. म्हणून सुटी विधानं सांगताना अशी वारंवारतेची ओळ द्या. पाच आकडे वाचायला कोणाला जड जात नाही. आणि प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर ‘या प्रकल्पात तुमची भूमिका’ हा प्रश्न ठेवा, नाहीतर ते आठ जण कोण हे कधीच कळणार नाही.

पण भाऊ एक गोष्ट विसरतोय. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ही पद्धत मांडली तेव्हा त्यांची ‘श्रेणी’ म्हणजे एक विधान नव्हतं. एकाच गोष्टीबद्दलच्या अनेक विधानांच्या गुणांची बेरीज, ती श्रेणी. आपण आज पाच पर्यायांच्या कुठल्याही सुट्या प्रश्नाला लिकर्ट म्हणतो, तिथे घोळ झाला. चार विधानांची बेरीज ४ ते २० पर्यंत जाते, तिला सतरा पायऱ्या असतात, आणि एखाद्या विधानातली ओबडधोबड अंतरं त्या बेरजेत बरीच झिजून जातात. अशा बेरजेची किंवा तिला ४ ने भागून येणाऱ्या गुणांची सरासरी काढायला व्यवहारात हरकत घेतली जात नाही. म्हणजे सुट्या विधानाला वारंवारता, चार विधानांच्या घटकाला सरासरी. ही वाटणी प्रबंधात एका वाक्यात लिहून ठेवा, भावालाही पटेल.

बेरीज करण्याआधी ती चार विधानं खरंच एका कुळातली आहेत का, हे बघावं लागतं. त्यासाठी क्रॉनबॅकचा अल्फा, १९५१ पासून वापरात असलेला. पॅकेज एका कळीवर तो देतं, पण एकदा हाताने काढा म्हणजे तो काय बघतो ते कळेल. चारही विधानांचे व्हेरियन्स, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप, काढा, समजा ०.९, १.१, ०.८ आणि १.२, बेरीज ४. मग प्रत्येक माणसाच्या चार गुणांच्या बेरजेचा व्हेरियन्स काढा, समजा १० आला. विधानं एकमेकांशी जुळून वर-खाली होत असतील तरच हा १० त्या ४ पेक्षा बराच मोठा येतो. अल्फा म्हणजे ४/३ × (१ − ४/१०), म्हणजे ०.८०. साधारण ०.७ च्या वर आला की चालवून घेतात. एक्सेलमध्ये ९० जणांची उत्तरं `B` ते `E` रकान्यांत आणि त्यांची बेरीज `F` मध्ये असेल तर:

```
=4/3*(1-(VAR.S(B2:B91)+VAR.S(C2:C91)+VAR.S(D2:D91)+VAR.S(E2:E91))/VAR.S(F2:F91))
```

रिकाम्या जागा असलेल्या ओळी यातून आधी वगळा, नाहीतर त्यांची बेरीज खोटी लहान येते.

आता ते चौथं, उलटं विधान. ते बेरजेत घालण्यापूर्वी सुलटं करायचं असतं, ६ वजा मिळालेला गुण, म्हणजे `=6-E2` असं नव्या रकान्यात. हे विसरलं तर काय होतं? वरच्याच उदाहरणात विधानांच्या जोड्या सारख्याच जुळलेल्या आहेत असं धरा. एक विधान उलटं राहिलं की निम्म्या जोड्या दुसऱ्या निम्म्यांना खोडून काढतात, बेरजेचा व्हेरियन्स १० वरून ४ वर येतो आणि अल्फा थेट शून्य होतो. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः हे केलं आहे. अल्फा इतका हास्यास्पद आला की आठवडाभर मी उत्तरं देणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि चूक माझ्या एका रकान्यात होती. अल्फा फारच खाली किंवा उणे आला तर लोकांना दोष देण्याआधी उलटी विधानं तपासा. दुसऱ्या टोकाला, तो ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नका. एकच वाक्य चार वेषांत विचारलं असण्याची शक्यता जास्त.

एवढं झालं की विश्लेषण खरं तर छोटंच राहतं. प्रत्येक प्रकल्पाला पाच घटकांचे पाच गुण आणि यशाचे गुण. प्रत्येक घटकाचा यशाशी स्पिअरमनचा सहसंबंध काढा. तो क्रमावर चालतो, त्यामुळे अंतराचा वाद उद्भवतच नाही. किती उत्तरं लागतील? ३१ वर समाधान मानू नका. तेवढ्यात ०.३५ च्या आसपासचा सहसंबंधसुद्धा निव्वळ योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. पाचही घटक एकत्र घेऊन त्यांचा यशाशी मिळून किती संबंध आहे हे काढणारं रिग्रेशन करायचं असेल, तर ५० अधिक घटकांच्या आठपट, म्हणजे ९०, हा ढोबळ नियम प्रचलित आहे. प्रत्येक घटकाचा वेगळा परिणाम तपासायचा असेल, तर १०४ अधिक घटकांची संख्या, म्हणजे १०९. सगळे जण उत्तर देत नाहीत हे धरून पाठवायची संख्या ठरवा.

समजा ९० उत्तरं आली आणि नियोजनाचा यशाशी सहसंबंध ०.४६ निघाला, पाठिंब्याचा ०.४१. लगेच हात शिवशिवतील: नियोजन पहिलं, पाठिंबा दुसरा. थांबा. ९० उत्तरांत ०.४१ ची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा सहसंबंध ज्यात असावा असा पट्टा, साधारण ०.२२ ते ०.५७ येते आणि ०.४६ ची ०.२८ ते ०.६१. दोन्ही पट्टे जवळजवळ एकमेकांवर बसतात. शिवाय जिथे वरिष्ठांचा पाठिंबा असतो तिथे नियोजनालाही वेळ आणि माणसं मिळतात, त्यामुळे हे दोन घटक आपसातही घट्ट जुळलेले असणार. रिग्रेशनमध्ये मग एक घटक दुसऱ्याचं श्रेय खाऊन टाकतो आणि दहा उत्तरं इकडची तिकडे झाली की खाणारा बदलतो. घटकांचा आपसातला सहसंबंधही तक्त्यात दाखवा आणि लिहा: ‘दोन्ही घटकांचा यशाशी मध्यम संबंध आढळला, त्यांत श्रेष्ठ कोणता हे या माहितीवरून सांगता येत नाही.’ परीक्षक अशा वाक्यावर गुण कापत नाहीत. कापतात ते ०.०५ च्या फरकावर उभारलेल्या शिफारशींवर.

एक मर्यादा मात्र कितीही केलं तरी राहील. घटकांचे गुण आणि यशाचे गुण एकाच माणसाने, एकाच बैठकीत दिलेले असतील. मनमोकळ्या माणसाचे दोन्ही वर जातात, कडवट माणसाचे दोन्ही खाली, आणि सहसंबंध थोडा फुगतो. यशाचे प्रश्न त्याच प्रकल्पाच्या ग्राहकाला किंवा वापरणाऱ्याला विचारता आले तर उत्तमच. सगळ्यांसाठी जमणार नाही. पंधरा-वीस प्रकल्पांसाठी जमवा आणि दोघांची उत्तरं किती जुळतात ते द्या. वेळ आणि खर्चाचे आकडे विचारायला सांगितलं तेही यासाठीच. मत फुगतं तितके महिने फुगत नाहीत. पाठिंब्याचा संबंध मतातल्या यशाशी दिसला पण उशिराच्या गुणोत्तराशी मुळीच नाही, तर तो प्रबंधातला सर्वांत वाचनीय परिच्छेद ठरेल.

मार्गदर्शकांना क्रम हवा आहे, तर त्यांची सोयही करता येते. प्रश्नावलीच्या अगदी शेवटी एकच प्रश्न ठेवा: ‘या पाचांपैकी तुमच्या मते सर्वांत महत्त्वाचे दोनच निवडा.’ दोनच म्हटल्यावर सगळ्यांना ५ देता येत नाही, काहीतरी सोडावं लागतं, आणि फरक आपोआप दिसतो. शेवटी अशासाठी, की सुरुवातीला विचारलं तर माणूस पुढे आपल्याच निवडीला धरून उत्तरं देतो. मग मतातला क्रम एका बाजूला आणि प्रकल्पांत दिसलेला संबंध दुसऱ्या बाजूला असा तक्ता मांडता येईल.

ती ३१ उत्तरं फेकू नका, पण नव्या माहितीत मिसळूही नका. प्रश्नच वेगळे होते. पद्धतीच्या प्रकरणात ‘पहिल्या चाचणीत उत्तरं वरच्या टोकाला साचली, म्हणून प्रश्नाची मांडणी बदलली’ असं लिहून ती छताला टेकलेली सरासरी द्या. नवी प्रश्नावली आधी पाच-सहा जणांना समोर बसवून भरायला द्या आणि प्रत्येक विधान वाचताना मनात काय आलं ते मोठ्याने बोलायला सांगा. जिथे माणूस ‘म्हणजे नक्की कुठली माणसं?’ असं विचारतो ते विधान बदला. या पाच-सहांची उत्तरंही मुख्य मोजणीत घेऊ नका.

आणि पाठवण्याच्या आदल्या दिवशी निकालाचे तक्ते रिकामे आखा: ओळींत पाच घटक, रकान्यांत अल्फा, सरासरी, यशाशी सहसंबंध, उशिराच्या गुणोत्तराशी सहसंबंध. प्रश्नावलीतला जो प्रश्न यांतल्या कुठल्याच चौकटीत जात नाही, तो काढून टाका. वय, शिक्षण आणि अनुभवाचे तीन प्रश्न तुम्ही सवयीने घातले असतील, त्यांतला कदाचित अनुभवच उरेल.